‘माणूस द्या’ म्हणण्याआधीचा हिशेब

‘काम फार वाढलंय, एक माणूस द्या’ हा अर्ज वरिष्ठांच्या टेबलावर वर्षानुवर्षे पडून राहतो, कारण त्यात आकडा नसतो. तो कसा काढायचा, हे एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागाचे कल्पित उदाहरण घेऊन पाहू.

समजा, पुरवठादारांची महिन्याला २,४०० बिले येतात. बिल, परचेस ऑर्डर आणि स्टोअरचा जीआरएन जुळवून नोंद करायला सरासरी १५ मिनिटे लागतात. म्हणजे महिन्याचे ६०० तास. सुट्ट्या, रजा, फोन वजा जाता एका माणसाचे खरे कामाचे तास १५० धरले, तर तिघांचे ४५० होतात. उरलेल्या १५० तासांपैकी ६० ओव्हरटाइममध्ये निघतात, ९० तासांचे काम पुढच्या महिन्यावर ढकलले जाते.

ही १५ मिनिटे अंदाजाने लिहू नयेत. दोन आठवडे प्रत्येकाने वेळेची नोंद ठेवावी. त्यात महिनाअखेरचा आठवडा हवाच; मात्र गर्दी तेवढ्यापुरतीच असेल, तर कायमची जागा मागू नये. बिल टेबलावर का पडून आहे, हेही तपासावे. स्टोअरकडून जीआरएनच आला नसेल, तर चौथा कारकून आणूनही बिल हलणार नाही.

आता खर्च. पगार २५,००० असला, तरी पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, विमा धरून माणूस महिना ३०,००० च्या घरात जातो. वर्षाचे ३ लाख ६० हजार. शिवाय संगणक, टेबल आणि भरतीचे एकदाच ७०,०००.

परतावा मांडताना बहुतेकांची गाडी अडते. ‘वेळ वाचेल’ हा परतावा नव्हे. जाणारा पैसा थांबला तरच तो धरायचा. इथे दुप्पट दराने जाणारा ओव्हरटाइम थांबला, तर महिना १४,४०० वाचतात. दुसरी बाब सवलतीची. काही पुरवठादार ४५ दिवसांऐवजी दहा दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सूट देतात. अशी ३० लाखांची बिले वेळेत निघाली, तर सूट ६०,००० मिळेल. पण पैसे ३५ दिवस आधी गेल्याने बँकेचे व्याज साधारण १ टक्का पडते. त्यामुळे निव्वळ ३०,०००च धरावेत. ही वजाबाकी तुम्ही केली नाहीत, तर फायनान्सचे साहेब बैठकीत करतील आणि मग बाकीच्या आकड्यांवरही विश्वास उरणार नाही.

फायदा झाला महिना ४४,४००. नवा माणूस तयार व्हायला तीन महिने गेले, तर पहिल्या वर्षी नऊ महिन्यांचे सुमारे ४ लाख हाती येतील आणि खर्च ४ लाख ३० हजार होईल. म्हणजे ३०,००० चा तोटा. दुसऱ्या वर्षापासून मात्र वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास शिल्लक.

पहिल्या वर्षाचा तोटा प्रस्तावात लपवू नका. सोबत सहा महिन्यांनी तपासायचे दोन आकडे लिहून द्या: ओव्हरटाइमचे तास आणि प्रत्यक्ष मिळालेली सूट.