जपानीतील रिकामी जागा: ‘वा’ की ‘गा’?

जपानीच्या प्राथमिक स्वाध्यायात रिकाम्या जागी ‘वा’ भरायचा की ‘गा’, हे अनेकदा प्रश्नार्थक शब्दाच्या स्थानावरून ठरते. ‘दारे __ किमाशिता का’ म्हणजे ‘कोण आले?’ इथे ‘दारे’ हा प्रश्नार्थक शब्दच कर्ता आहे, म्हणून ‘गा’ येतो. उत्तरही ‘तानाका-सान गा किमाशिता’ असे होते, कारण नवी माहिती तानाका हीच आहे. याउलट ‘तानाका-सान __ नानि ओ ताबेमाशिता का’, म्हणजे ‘तानाकांनी काय खाल्ले?’, यात तानाका हा बोलण्याचा विषय असून विचारणा त्याच्या पुढे आहे. तिथे ‘वा’ बसतो. मराठीतल्या ‘नी’वरून ‘गा’ भरला तर उत्तर चुकते. सुट्या वाक्यात कधीकधी दोन्ही चालतात, म्हणून आधी मागचे वाक्य वाचावे.