शेजारच्या शेतातून वाट कधी हक्काची होते?

समजा, दोन भावांची वाटणी झाली. धाकट्याच्या वाट्याला मागचं शेत आलं, रस्ता मात्र थोरल्याच्या शेताला लागून. वाटणीपत्रात वाटेचा उल्लेख नाही. तरीही थोरल्याला बैलगाडी अडवता येत नाही, कारण 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार ही गरजेची वाट ठरते. उद्या धाकट्याच्या शेताला दुसऱ्या बाजूने रस्ता मिळाला, तर मात्र हा हक्क संपतो.

वहिवाटीचा हक्क वेगळा. त्याला सलग 20 वर्षांचा उघड, बिनतक्रार आणि हक्काच्या भावनेने केलेला वापर लागतो. सरकारी जमिनीवर 30 वर्षं. बहुतेक दावे ‘हक्काच्या भावनेने’ या अटीवर फसतात. शेजाऱ्याची परवानगी घेऊन चाळीस वर्षं गेलात, तरी तो हक्क होत नाही. परवानगी मागणं म्हणजे वाट त्याच्या मर्जीची आहे हे मान्य करणंच. म्हणून जुने साक्षीदार आणि नकाशे मोलाचे.

वाट अडवली तर गप्प बसू नका. मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा सहा महिन्यांच्या आतच करावा लागतो.