पंचवीस खणांचं कपाट

पुण्यातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीतली टेस्टर डोळ्यांसमोर आणा. अ‍ॅपमध्ये 'पैसे भरा' हे बटण दाबलं की पान गोठतं. हे चार परिच्छेदांत लिहिण्यापेक्षा ती ४० सेकंद स्क्रीन रेकॉर्ड करते आणि लिंक तक्रारीच्या तिकिटात चिकटवते. दिवसाला असे दोन व्हिडिओ होतात. तेराव्या दिवशी सव्विसावा व्हिडिओ करायला जावं, तर रेकॉर्डिंग सुरूच होत नाही.

ती वापरत असलेल्या 'लूम' या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या प्रसिद्ध साधनाची मोफत योजना बराच काळ दोन आकड्यांवर उभी राहिली आहे : एका व्हिडिओला ५ मिनिटं आणि एका माणसाला २५ व्हिडिओ. २०१५ साली स्थापन झालेली ही कंपनी २०२३ मध्ये अ‍ॅटलासियनने सुमारे ९७.५ कोटी डॉलरना विकत घेण्याची घोषणा केली.

पाच मिनिटांची मर्यादा लगेच नजरेत भरते, पण टेस्टरला अडवलं ते दुसऱ्या आकड्याने. हिशेब सोपा आहे. सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने ५ मिनिटांचा व्हिडिओ ७५ एमबी होतो. असे पंचवीस मिळून दोन जीबीच्या आतच. टेस्टरचे पंचवीस व्हिडिओ तर अवघे १६ मिनिटं ४० सेकंदांचे, म्हणजे साधारण २५० एमबी. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण स्क्रीन बहुतेक वेळ स्थिर असते आणि व्हिडिओ कोडेक एका चौकटीतून दुसरीत जे बदललं तेवढंच नव्याने साठवतो. तरीही कपाट भरलं. कारण ही योजना वजन करत नाही, नग मोजते. लांब व्हिडिओ क्वचित करणाऱ्याला ती पुरते, छोटे व्हिडिओ रोज करणाऱ्याला नाही.

मग जुने व्हिडिओ पुसावेत? जागा होते खरी, पण त्यांच्या लिंकही मरतात. तीन आठवड्यांनी डेव्हलपर जुनं तिकीट उघडतो, तेव्हा बिघाडाचा पुरावाच गायब असतो. म्हणून पुसण्याआधी फाइल डाउनलोड करून तिकिटालाच जोडावी. योजनेत ती सोय आहे का, हे मात्र आधी पाहावं.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकांच्या आकडेवारीची. व्हिडिओ चालू असताना प्लेअर सर्व्हरला ठरावीक वेळाने खुणा पाठवतो. त्यांतून किती जणांनी, कुठपर्यंत पाहिलं हे जुळवलं जातं. नाव कळतं ते लॉगिन केलेल्यांचंच, बाकीचे निनावी. मीटिंगच्या पडद्यावर सहा जणांनी मिळून पाहिलं, तर नोंद एकच होते. दुसऱ्या टॅबमध्ये चालू ठेवून डेव्हलपर चहाला गेला, तरी व्हिडिओ शेवटपर्यंत 'पाहिला' गेलेला दिसू शकतो.

त्यामुळे टेस्टर आकड्यापेक्षा तिकिटाखालचा शेरा आधी पाहते : 'माझ्याकडेही गोठतंय.'