रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी

उशाशी ठेवलेला फोन थरथरतो. स्क्रीनवर दोनच शब्द: “झोपलीस का?” नातं संपून अडीच महिने झालेले असतात.

ओळखीतल्या एका मुलीच्या रात्री अशाच चालल्या होत्या. ठाण्यात राहणारी, सकाळी सव्वासातची लोकल पकडणारी. आठ-दहा मेसेजकडे ती दुर्लक्ष करायची. मग जीव कळवळायचा आणि ती लिहायची, “झोप आता, उद्या बोलू.” तिला वाटायचं, आपण विषय संपवला. त्याच्या मनात मात्र ‘उद्या बोलू’ एवढंच उरायचं.

खरी गाठ इथेच असते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून एक गोष्ट पुढे आली: दाणा दर वेळी न मिळता मधूनच, अनिश्चितपणे मिळाला, तर दाण्याची सवय जास्त चिवट होते. माणसाचंही तसंच आहे. सात फोन न उचलता आठवा उचलला, की समोरचा शिकतो ते एवढंच की आठ वेळा फोन करावा लागतो. मायेपोटी दिलेलं ते एक उत्तर त्यालाही अडकवून ठेवतं.

तिनं त्याला थांबवायचा पहिला प्रयत्न असा केला: “प्लीज, सध्या रात्री फोन नको करूस. मला थोडा वेळ हवाय, सकाळी लवकर ऑफिस असतं.” शब्द मऊ होते, पण प्रत्येकात एक फट होती. ‘सध्या’ म्हणजे पुढे चालेल. ‘थोडा वेळ’ म्हणजे वाट पाहा. आणि ऑफिसचं कारण तर शनिवारी टिकलंच नाही. “उद्या सुट्टी आहे ना?” म्हणत फोन आलाच. दिलेल्या कारणावर तोडगा निघतो. निर्णयावर निघत नाही.

दुसरा मेसेज तिनं रविवारी सकाळी अकराला लिहिला. शांत डोक्यानं, त्याच्या कुठल्याही फोनला उत्तर म्हणून नव्हे:

“आपलं नातं संपलं आहे आणि माझा निर्णय बदलणार नाही. यापुढे मला फोन किंवा मेसेज करू नकोस, रात्री नाही आणि दिवसाही नाही. केलास तर मी उत्तर देणार नाही. आपल्यात जे चांगलं होतं, ते मी नाकारत नाही. तू सावरावंस असं मनापासून वाटतं, पण त्यासाठी आता माझ्यावर अवलंबून राहू नकोस.”

यात जुन्या भांडणांची उजळणी नाही, त्याच्या स्वभावावर शेरा नाही, नव्या कुणाचा उल्लेख नाही. त्याचे रडवेले मेसेज तिनं मैत्रिणींच्या ग्रुपवरही टाकले नाहीत. माणसाची लाज राखून ‘नाही’ म्हणता येतं, ते असं.

त्यानंतरचा आठवडा सगळ्यात कठीण गेला. उत्तर बंद झालं की सुरुवातीला प्रयत्न वाढतात, हे ठाऊक नसेल तर माणूस घाबरून फोन उचलतो. तिसऱ्या रात्री अकरा मिस्ड कॉल आले, मग माफीचा लांबलचक व्हॉइस मेसेज. तिनं सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवले, चॅट पुसलं नाही आणि नंबर ब्लॉक केला. आपण सांगितलेली हद्द आपणच पाळण्याचा तो मार्ग होता.

जीव देण्याची भाषा आली, तर मात्र गप्प बसू नये आणि एकटीनं सांभाळूही नये. त्याच्या भावाला किंवा जवळच्या मित्राला लगेच कळवावं, धोका समोर दिसत असेल तर 112 वर फोन करावा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक त्याला किंवा घरच्यांना द्यावा. मदत पोहोचते, आणि बंद केलेलं बोलणं पुन्हा सुरू करावं लागत नाही.

नात्यात मारहाण, धमक्या किंवा पाळत असेल, तर असा मेसेज पाठवण्याआधी विश्वासातल्या माणसांशी आणि पोलिसांशी बोलावं. स्त्रीनं स्पष्ट नकार देऊनही पुरुष वारंवार संपर्क साधत राहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार तो गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नि:संदिग्ध लेखी नकार तिथेही कामी येतो. हे कलम स्त्रीच्या तक्रारीपुरतं आहे. पुरुषाला धमक्या येत असतील, तर त्यासाठी इतर कलमं आहेत.

तिच्याकडचे फोन तीन आठवड्यांत थांबले. पण त्यानंतरही कित्येक रात्री बारा-दहाला तिला आपोआप जाग यायची, आणि हात फोनकडे जायचा. त्या दोन शब्दांची सवय तिलाही लागली होती. म्हणून तिनं फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायला सुरुवात केली आणि उशाशी गजराचं साधं घड्याळ ठेवलं.