चाकाचा नट, पाना आणि बल-आघूर्ण

मोटारीचे चाक बदलायचे असेल, तर प्रथम त्याचे नट सैल करावे लागतात. लहान मोटारीच्या चाकाचे नट साधारणपणे १०० न्यूटन-मीटरच्या आसपासच्या बल-आघूर्णाने आवळलेले असतात. बलामुळे वस्तूला अक्षाभोवती फिरवणारा जो परिणाम घडतो, त्याचे माप म्हणजे बल-आघूर्ण. यालाच टॉर्क असेही म्हणतात. त्याचे एकक केवळ न्यूटन नसून न्यूटन-मीटर आहे. हा 'मीटर' कोठून आला, ते पाहू या.

नटापासून r अंतरावर पान्याच्या दांड्यावर F हे बल लावले आहे आणि दांड्याची दिशा व बलाची दिशा यांमधील कोन θ आहे, असे समजा. पाना α रेडियन इतक्या लहान कोनातून फिरला, तर बल लावलेला बिंदू rα एवढा सरकतो. त्याचे हे सरकणे दांड्याला लंब दिशेने होते. म्हणून बलाचा दांड्याला लंब असलेला घटक, म्हणजे F sin θ, तेवढाच कार्य करतो. उरलेला घटक दांडा नुसता ओढतो किंवा दाबतो. त्याने नट फिरत नाही. अशा रीतीने झालेले कार्य F sin θ × rα इतके असते. यातील α वगळून जो भाग उरतो, तोच बल-आघूर्ण होय:

τ = r F sin θ

नट ठरावीक कोनातून फिरवण्यासाठी घर्षणाविरुद्ध ठरावीक कार्य करावेच लागते. दांडा दुप्पट लांब घेतला, तर हात दुप्पट अंतर सरकतो आणि निम्म्या बलाने काम भागते. श्रम हलके वाटतात. पण कार्यात बचत काहीच होत नाही.

याच सूत्राकडे दुसऱ्या प्रकारेही पाहता येते. बलाची क्रियारेषा दोन्ही बाजूंना वाढवा आणि अक्षापासून तिच्यावर लंब टाका. त्या लंबाची लांबी r sin θ येते. हिला बलभुजा म्हणतात. क्रियारेषा अक्षातूनच जात असेल, तर बलभुजा शून्य होते. मग बल कितीही मोठे असो, नट फिरणार नाही.

बल-आघूर्णाला दिशाही असते, म्हणून ते सदिश गुणाकाराने लिहितात: τ = r × F. उजव्या हाताची बोटे r कडून F कडे वळवली असता ताठ अंगठा τ ची दिशा दाखवतो. येथे क्रम महत्त्वाचा आहे. F × r केल्यास दिशा उलटी येते.

आता एक उदाहरण सोडवू. तुम्ही चाकासमोर बसला आहात. नटाचे केंद्र हा आरंभबिंदू, x अक्ष उजवीकडे, y अक्ष वर आणि z अक्ष चाकातून तुमच्याकडे, असे माना. ०.४० मीटर लांबीचा दांडा डावीकडे, आडव्या रेषेच्या ३०° वर आहे. त्याच्या टोकावर सरळ खाली २५० न्यूटन बल लावले. तेव्हा x = −०.३४६ मीटर, y = ०.२० मीटर, Fx = ० आणि Fy = −२५० न्यूटन.

τz = x Fy − y Fx = (−०.३४६)(−२५०) − ० = ८६.५ न्यूटन-मीटर (सुमारे)

चिन्ह धन आहे, म्हणजे अंगठा तुमच्याकडे येतो आणि नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू पाहतो. नेहमीच्या आट्यांचा नट याच दिशेने सुटतो. मात्र नटाला १०० न्यूटन-मीटर लागत असतील, तर तो अजून हलणार नाही. दांडा आडवा करून तेच बल लावल्यास ०.४० × २५० = १०० न्यूटन-मीटर मिळतील.

येथे पुष्कळ जण sin ३०° घेऊन ५० हे उत्तर काढतात. ३०° हा दांडा व आडवी रेषा यांमधील कोन आहे. दांडा व बल यांमधील नव्हे. दोन्ही सदिशांची शेपटे एका बिंदूवर आणली की खरा कोन १२०° असल्याचे दिसते. ताळा घ्यायचा असेल तर बलभुजा मोजा: बल उभे आहे, म्हणून बलभुजा म्हणजे आडवे अंतर, ०.३४६ मीटर. उत्तर जुळते.

आतापर्यंत दांडा नटाच्याच पातळीत मानला. प्रत्यक्षात तो नटापासून पुढे, समजा z = ०.१० मीटर अंतरावर असतो. τz बदलत नाही, पण आणखी एक घटक निर्माण होतो:

τx = y Fz − z Fy = ० − (०.१०)(−२५०) = २५ न्यूटन-मीटर

हा घटक नट फिरवत नाही, तर पान्याचे बाहेरचे टोक खाली झुकवतो. नटावरून पाना निसटतो आणि नटाचे कोपरे झिजतात, ते पुष्कळदा यामुळेच. एका हाताने पान्याचे डोके खालून उचलून धरले, तर हा परिणाम आटोक्यात राहतो. अधिक चिन्हाच्या आकाराचा चौमुखी पाना असल्यास एक दांडा खाली दाबावा आणि समोरचा तेवढ्याच बलाने वर ओढावा. दोन्ही बलांचे τx परस्परांना छेदतात, तर τz ची बेरीज होते.