आठ जणींची तयारी आणि पहाटेची गाडी : वधूपक्षाच्या मेकअपचे पॅकेज कसे ठरवावे?

आपल्या नवागाम-डिंडोली भागात पार्लरचे काम करणाऱ्या मुली आणि सुना आता गल्लोगल्ली आहेत. लग्नसराईत त्यांच्याकडे एकट्या वधूचे काम कमी येते. बहुतेक वेळा आई, मावशी, मामी, वहिनी आणि करवल्या अशी सगळ्यांची एकत्र मागणी असते, आणि हॉल बारडोली, व्यारा किंवा थेट नवापूर-नंदुरबारकडे असतो. मंडळात हिशेबाची माहिती विचारायला येणाऱ्या ताईंच्या वह्या आम्ही पाहतो. त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. मोठे काम मिळाले म्हणून आनंद झालेला असतो, पण महिनाअखेरीस पैसे कुठे गेले ते कळत नाही. यंदा एका वहीतील काम आम्ही नीट मांडून पाहिले, तेच येथे देत आहोत. आकडे त्या एका कामाचे आहेत. प्रत्येकीचा दर वेगळा असेल, पण हिशेबाची रीत तीच राहील.

काम असे होते. लग्न व्याऱ्याला, म्हणजे नवागामपासून सुमारे ६५ किलोमीटरवर. मुहूर्त सकाळी ११ वाजून ४० मिनिटांचा. तयारी वधू आणि इतर सात जणींची. या ताईंचा वधूचा दर ९,००० रुपये आणि इतरांचा प्रत्येकी १,००० रुपये आहे. म्हणजे १६,००० झाले. मुलीचे वडील म्हणाले, "ताई, घरचेच काम आहे, सगळे मिळून पंधरा घ्या." ताईंनी होकार दिला. येणे-जाणे, मदतनीस सगळे त्यातच धरले.

आता खर्च बघू. पहाटे जायचे म्हणून गाडी भाड्याने घेतली. येऊन-जाऊन अंतर १३० किलोमीटर, पण बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान २५० किलोमीटर धरतात. १२ रुपये दराने ३,००० रुपये झाले, शिवाय चालकाचा भत्ता आणि किरकोळ धरून ३,५००. मदतनीस मुलीचे १,५००. सामान म्हणजे बेस, पापण्या, पिना, स्प्रे, जाळ्या यांचा वापर वधूसाठी ९०० आणि इतरांसाठी प्रत्येकी १५० धरला, तर १,९५० झाले. एकूण खर्च ६,९५०. हातात राहिले ८,०५०.

याच ताईंनी नवागामातच एका वधूची एकटीची तयारी केली असती तर ९,००० मिळाले असते आणि सामानाचे ९०० वजा जाऊन ८,१०० उरले असते. म्हणजे आठ जणींचे काम, पहाटे तीनला उठणे आणि १३० किलोमीटरचा प्रवास करून एका वधूच्या कामापेक्षा ५० रुपये कमी मिळाले. ही चूक हजार रुपयांच्या सवलतीची नाही. चूक अशी की माणशी दर हीच पूर्ण किंमत मानली गेली.

आधी वेळ मोजा, मग रक्कम

समूहाच्या कामात पहिला प्रश्न "किती जणी?" हा नसून "वधू किती वाजता तयार हवी?" हा असतो. मुहूर्त ११.४० चा असला तरी गौरीहर पूजा आणि फोटो त्याआधी असतात, म्हणून १० ही वेळ धरायची. तेथून उलटे मोजत यायचे.

वधूला मेकअप, केस, साडी, दागिने, मुंडावळ्या धरून अडीच तास लागतात. इतरांना साडी नेसवण्यासह प्रत्येकी पाऊण तास. सात जणींचे सव्वापाच तास आणि वधूचे अडीच, एकूण पावणेआठ तास. एकटीने करायचे तर रात्री दीडच्या सुमारास हॉलवर सुरुवात करावी लागेल, ते शक्य नाही. एक मदतनीस घेतली तर काम दोघींत विभागते. ताईंकडे वधू, आई आणि एक करवली, म्हणजे चार तास. मदतनिसाकडे पाच जणी, म्हणजे पावणेचार तास. दहामधून अर्धा तास राखीव ठेवला, तर साडेनऊला काम संपायला हवे, म्हणून साडेपाचला सुरू व्हायला हवे. पेट्या उघडून आरसा-दिवे लावायला पंधरा मिनिटे, आणि प्रवासाला दीड तास. म्हणजे नवागामातून पावणेचारला निघायचे.

क्रमही ठरलेला असावा. आईला पाहुणे आणि विधी पाहायचे असतात, म्हणून ती पहिली. वधू शेवटी, नाहीतर वैशाखाच्या उकाड्यात मुहूर्तापर्यंत मेकअप टिकत नाही. राखीव अर्धा तास काढून टाकायचा मोह होतो, पण एखादी करवली हमखास अंघोळीत असते किंवा ब्लाउजचा हूक तुटतो. तो अर्धा तास गेला की कात्री वधूच्या वेळेला लागते, आणि दर वधूचाच सर्वांत जास्त असतो.

मदतनीस फुकट नसते

अनेक वह्यांत मदतनिसापुढे शून्य लिहिलेले असते, कारण ती धाकटी बहीण किंवा नणंद असते. पण ती नसेल त्या दिवशी बाहेरची मुलगी घ्यावी लागते आणि तेव्हा दर वाढवता येत नाही. म्हणून घरचीला सुद्धा पैसे द्या आणि वहीत लिहा. हा खर्च वधूपक्षाला वेगळा दाखवायची मात्र गरज नाही. मदतनीस पाच जणी करते, त्यांचे ५,००० येतात. त्यांतून तिचे १,५०० आणि सामानाचे ७५० वजा जाऊन २,७५० राहतात. माणशी दरात तिची मजुरी अशी बसायला हवी. बसत नसेल तर दर कमी आहे.

गडबड होते ती नवव्या माणसापाशी. "माझ्या नणंदेचे पण करून टाका" असे ऐनवेळी ठरले, तर पावणेचारच्या आधी निघणे होत नाही, म्हणून दुसरी मदतनीस घ्यावी लागते. नवव्या जणीचे १,००० येतात, पण दुसऱ्या मदतनिसाचे १,५०० आणि सामानाचे १५० जातात. ६५० रुपयांचे नुकसान. दहावी आली तर ८५० सुटून दोघींत मिळून जेमतेम २०० राहतात. म्हणून "आठ जणींपर्यंत हा दर, त्यापुढे दुसऱ्या मदतनिसाचे १,५०० वेगळे" असे आधीच लिहून द्यावे. दुसरी मदतनीस घेतल्याने निघण्याची वेळ मात्र फक्त पाऊण तासाने पुढे जाते, साडेचारवर येते. वधूचे अडीच आणि आईचा पाऊण तास ताईंकडेच राहतो, तो वाटून घेता येत नाही.

प्रवास आणि पहाट वेगळी दाखवा

गाडीचे भाडे माणशी दरात घालू नये, कारण चार जणी असोत वा आठ, गाडी तेवढीच घेते. ते प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे वेगळे लावावे. वधूपक्षाने स्वतः गाडी पाठवली तर ती ओळ काढून टाकता येते, आणि लोकांनाही हे पटते.

पहाटेचा आकार घरून निघण्याच्या वेळेवर ठरवावा, हॉलवर पोहोचण्याच्या नव्हे. उदाहरणार्थ, ४ ते ६ मध्ये निघाल्यास प्रत्येक काम करणारीमागे ५०० आणि ४ च्या आधी निघाल्यास ८००. यातील मदतनिसाचा वाटा तिलाच द्यायचा. हळद आदल्या संध्याकाळी तिथेच असेल आणि वधूपक्षाच्या बसमधून जाऊन मुक्काम करता येत असेल, तर गाडी आणि पहाट दोन्हींचा खर्च वाचतो. पण तेव्हा पेट्यांना कुलूप लावता येईल अशी स्वतंत्र खोली मागून घ्यावी, आणि गेलेल्या संध्याकाळचा आकार लावावा.

या रीतीने व्याऱ्याचे काम पुन्हा मांडू. माणशी दराचे १६,०००, गाडी ३,५००, पहाटेचे दोघींचे १,६००. एकूण २१,१००. खर्च गाडी ३,५००, मदतनीस २,३००, सामान १,९५०, म्हणजे ७,७५०. राहिले १३,३५०. ही रक्कम मोठी वाटेल. पण पावणेचारला निघून दुपारी दोनला घरी, शिवाय ट्रायलचे दोन तास आणि सामानाची मांडणी-धुणी दोन तास, असे सव्वाचौदा तास होतात. तासाला सुमारे ९३७ रुपये पडले. नवागामातल्या एकट्या वधूच्या कामाला हेच सारे धरून आठ तास लागतात, म्हणजे तासाला सुमारे १,०१२. म्हणजे २१,१०० मागूनही ताई काही जास्त मागत नव्हत्या. १५,००० च्या पॅकेजमध्ये तासाला ५६५ रुपयेच पडले होते.

सवलत द्यायचीच असेल तर माणशी दरात द्यावी, गाडी आणि पहाटेच्या पैशांत नाही, कारण ते पैसे बहुतेक दुसऱ्याच्या हातात जातात.

लिहून काय द्यावे

तारीख ठरताच मोबाइलवर एवढे पाठवावे :

- वधू ९,०००. इतर सात जणी प्रत्येकी १,०००. साडी नेसवणे धरून. गजरे आणि दागिने आपले.
- गाडी ३,५०० (आपण पाठवल्यास नाही). टोल असल्यास वेगळा.
- पहाटे ४ पूर्वी निघण्याचे दोघींचे १,६००.
- तारीख राखण्यासाठी ६,००० बयाणा, परत न होणारा.
- संख्या लग्नाच्या सात दिवस आधी पक्की. नंतर कमी झाली तरी ठरलेल्या संख्येचेच पैसे. वाढल्यास वेळ असेल तरच, आणि आठच्या पुढे दुसऱ्या मदतनिसाचे १,५००.
- उरलेली रक्कम आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत.

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. लग्नाच्या दिवशी मुलीच्या वडिलांना गर्दीत शोधून पैसे मागणे दोघांनाही अवघड जाते, आणि "नंतर बघू" म्हटलेली रक्कम बहुधा अर्धीच येते.

जीएसटीबद्दलही विचारणा होते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावताही येत नाही. नोंदणी असलेल्या पार्लरला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे, आधी तो १८ होता. वधूपक्षाकडे कोणी जीएसटी मागितला तर बिलावर क्रमांक आहे का ते पाहावे.

मुलीकडच्या मंडळींनाही एक सांगणे आहे. "सगळे मिळून किती?" असे विचारण्याआधी मुहूर्त, हॉलचे ठिकाण आणि नावांची यादी द्या. यादीत आजी आणि नणंद आहेत की नाहीत हे घरातच ठरवा. तेवढे झाले तर लग्नाच्या सकाळी कोणाचे करायचे आणि कोणाचे नाही यावरून खोलीच्या दारात वाद होत नाही.