विमानतळावरील प्राधान्य : पैसे कधी मोजावेत?

नागपूरहून मुंबईला सकाळी ६ वाजता सुटणारे विमान घेऊ. चेक-इन काउंटर साधारणतः तासभर आधी, ५ वाजता बंद होतो. बोर्डिंग गेट सुमारे ५.३५ला. म्हणजे ५ वाजता मोकळा झालेला प्रवासी सुरक्षा तपासणीच्या रांगेत १५ मिनिटे अडकला, तरी २० मिनिटे उरतात. अशा वेळी जलद रांगेसाठी शुल्क भरून वाचवलेली मिनिटे गेटसमोर बसण्यातच जातात. रांग अर्ध्या तासाहून लांब असेल, तरच ते शुल्क सार्थकी लागते.

विमानात आधी चढल्याने वेळ वाचत नाही. डोक्यावरील कप्प्यात जागा तेवढी मिळते. कप्पे भरल्यास उशिरा चढणाऱ्याची बॅग विमानाच्या पोटात जाते आणि मुंबईत पट्ट्यावर थांबावे लागते. पुढचे विमान लगेच गाठायचे असेल, तर हा खर्च योग्य. काउंटर बंद झाल्यावर मात्र कोणतेही प्राधान्य उपयोगी पडत नाही.